जुनी जोडणी, नवी सुरुवात

गाडीचा ब्लूटूथ स्पीकर कालपर्यंत फोनला छान जोडला जात होता. आज यादीत त्याचं नाव दिसतं, पण दाबलं की ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ असा संदेश येतो. असं का होतं?

पहिल्यांदा जोडताना फोन आणि स्पीकर मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. स्पीकर रिसेट झाला, तर त्याच्याकडची किल्ली पुसली जाते. फोन मात्र जुनीच किल्ली दाखवत राहतो. म्हणून ब्लूटूथ बंद-चालू करून भागत नाही.

अशा वेळी अँड्रॉइड फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या नावाशेजारचं चक्र दाबा आणि ‘विसरा’ म्हणजे Forget निवडा. स्पीकरच्या यादीत आपला फोन उरला असेल, तर तोही काढून टाका. मग स्पीकर पेअरिंगवर ठेवून नव्यानं जोडा.

एकच नव्हे, सगळ्याच उपकरणांची जोडणी आणि वाय-फायही तुटत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘रिसेट’ शोधा आणि फक्त वाय-फाय व ब्लूटूथच्या नेटवर्क सेटिंगचा पर्याय निवडा. यानं फोटो किंवा नंबर जात नाहीत. पण साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, म्हणून पासवर्ड आधी लिहून ठेवा. ‘सगळा डेटा पुसा’ हा पर्याय वेगळा आहे, त्याला हात लावू नका.

एवढं करूनही तो स्पीकर दुसऱ्या फोनलाही जोडला जात नसेल, तर दोष बहुधा स्पीकरमध्येच आहे.