वाक्यं शेजारी बसवायची की एकाखाली एक?

मी बडोद्यात राहते, भाषांतराचं काम करते. मराठी, गुजराती, इंग्रजी अशी कागदांची ये-जा माझ्या टेबलावरून चालू असते. आज बोलणार आहे ते वाक्यं जोडण्याबद्दल. विषय व्याकरणाचा वाटेल, पण मला तो कळला तो एका विम्याच्या कागदावरून, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका, जिन्यावरून पडले. पाच दिवस दवाखान्यात होते, शुद्धीवर आलेच नाहीत. त्यांचा अपघात विमा होता. दाव्यासोबत घरातल्या माणसाचं निवेदन जोडायचं होतं. ते मावशीनं सांगायचं, मी आधी मराठीत लिहून घ्यायचं आणि मग इंग्रजीत करायचं, असं ठरलं. मावशी जे बोलली ते माझ्या वहीत अजून आहे:

‘सकाळी त्यांना जरा गरगरलं होतं. मग बरं वाटलं. चहा घेतला. दूध आणायला निघाले. मी आत कुकर लावत होते. आवाज आला. बाहेर आले. जिन्यावर पाणी होतं. ते खाली होते. एक चप्पल वरच राहिली होती.’

दहा वाक्यं. मला ते फार तुटक वाटलं. कंपनीला पाठवायचा कागद, जरा नीट असावा म्हणून मी त्याचं असं केलं:

‘सकाळपासून गरगरत असल्यामुळे, दूध आणण्यासाठी बाहेर पडलेले माझे यजमान जिन्यावरून खाली पडले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.’

मला ते छान वाटलं. शुद्ध, आटोपशीर, एका दमात सगळं. मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘अगं, गरगरल्यामुळे पडले असं मी कुठं म्हटलं?’

खरंच म्हटलं नव्हतं. ‘मुळे’ माझा होता. आणि अपघात विम्यात हा ‘मुळे’ केवढा महाग पडू शकतो! आजारपणानं माणूस पडला की पाण्यावरून घसरून पडला, यावरच तर दावा अडतो. मी एका शब्दयोगी अव्ययानं कंपनीच्या हातात कारण देऊन मोकळी झाले होते. शिवाय ‘मग बरं वाटलं’ गळालं, पाणी गळालं, चप्पल गळाली. आणि ‘सकाळी जरा’चं ‘सकाळपासून’ झालं होतं.

आता हे का झालं ते बघू.

वाक्यं मांडण्याच्या दोन रीती आहेत. एकीला पॅराटॅक्सिस म्हणतात, दुसरीला हायपोटॅक्सिस. शब्द ग्रीक आहेत; पहिल्याचा अर्थ शेजारी मांडणं, दुसऱ्याचा खाली मांडणं. शाळेच्या व्याकरणात आपण संयुक्त वाक्य आणि मिश्र वाक्य शिकलो, ते याच्या अगदी जवळचं आहे. संयुक्त वाक्यात ‘आणि’, ‘पण’, ‘किंवा’ यांनी जोडलेली वाक्यं एका पंगतीत बसतात. मिश्र वाक्यात एक प्रधान, बाकीची गौण. मावशीनं पंगत मांडली होती, तीही ‘आणि’शिवाय. मी उतरंड रचली.

उतरंड रचायची म्हणजे दोन निर्णय घ्यावे लागतात. प्रधान काय, हा पहिला. गौण वाक्याचं प्रधानाशी नातं काय, हा दुसरा: वेळेचं, कारणाचं, हेतूचं की अटीचं? ‘असताना’ लिहा, ‘मुळे’ लिहा, ‘साठी’ लिहा, ‘तरी’ लिहा, पण काहीतरी लिहावंच लागतं. शेजारी मांडलेल्या वाक्यांत हे नातं मोकळं राहतं. मावशीला कारण माहीतच नव्हतं. तिनं पडताना पाहिलं नव्हतं. तिच्या वाक्यरचनेत तिचं न पाहणं शाबूत होतं, माझ्या रचनेत ते बुजलं.

आणि गौण केलेली गोष्ट वादातून निसटते. माझं वाक्य वाचून कुणी म्हणालं, ‘हे खोटं आहे’, तर आपल्याला वाटतं तो पडण्याबद्दल बोलतोय. सकाळपासून गरगरत होतं, ते बाजूला सुरक्षित बसून राहतं. ‘त्यांना सकाळपासून गरगरत होतं.’ असं स्वतंत्र वाक्य असतं, तर तिथं बोट ठेवता आलं असतं. एखाद्या वाक्यातली कुठली गोष्ट आपण नकळत मान्य करून टाकली, हे ओळखायचं असेल तर गौण वाक्य सोडवून वेगळं लिहून पाहावं.

मराठीत आणखी एक गंमत आहे, ती म्हणजे आपला ‘ऊन’. करून, जाऊन, येऊन. आपण तो श्वासासारखा वापरतो आणि तो एकाच वेळी तीन-चार कामं करतो. ‘चहा पिऊन गेले’ यात नुसता क्रम आहे. ‘हसून म्हणाली’ यात रीत आहे. ‘पाय घसरून पडले’ यात कारण आहे. प्रत्यय एकच, नातं संदर्भानं ठरतं. ‘मुळे’ खोडल्यावर मी आधी ‘चक्कर येऊन पडले’ असं लिहून पाहिलं, म्हटलं हे सौम्य आहे. सौम्य कसलं! चक्कर आणि पडणं शेजारी आलं की तिथला ‘ऊन’ कारणच होतो. ‘ऊन’ दोन क्रिया किती घट्ट बांधतो ते नकार लावून कळतं. ‘तो जेवून गेला नाही’ म्हणजे गेला, पण न जेवता. नकार शेवटी, क्रियापदाला लागलेला दिसतो आणि वार जेवणावर होतो. ‘तो जेवला आणि गेला नाही’ म्हणा, अर्थ पार बदलतो.

आता लयीकडे येते. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं आणि गौण भाग बहुधा आधी. त्यामुळे आपलं लांब मिश्र वाक्य ऐकणाऱ्याला थांबवून ठेवतं. ‘असल्यामुळे’, ‘आणण्यासाठी’, ‘पडलेले’ असे एकेक सामान डोक्यावर चढत जातं आणि क्रियापद आलं की सगळं एकदम उतरतं. हा ताण कामाचा असतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्यातली लांब, कलमांवर कलमं चढवणारी वाक्यं वाचताना वाद घालणारा माणूस समोर उभा राहतो. तुमचा आक्षेप त्यानं आधीच ‘जरी’मध्ये घालून ठेवलेला असतो. वाद घालायचा तर हे लागतंच. ‘जर’, ‘तरच’, ‘जोपर्यंत’ नसतील तर भाडेकरार लिहिता येणार नाही.

एक सोय मराठीत आहे, तिचा उपयोग भाषांतरात मला रोज होतो. ‘डॉक्टर म्हणाले की’ असं लिहिलं की वाक्य पुढं मोकळं सुटतं, कितीही लांबवा. ‘…असं डॉक्टर म्हणाले’ असं लिहिलं की ते शेवटी गोळा होतं, गाठ बसते. परिच्छेदात सगळीकडे ‘की’ असेल तर तो सैल पडतो. सगळीकडे ‘असं’ असेल तर वाचणाऱ्याला दम लागतो, कारण कोण बोलतंय हे त्याला शेवटीच कळतं.

तुटक वाक्यांची लय वेगळी. प्रत्येक वाक्याला क्रियापद, प्रत्येक क्रियापदापाशी पाय टेकतो. मावशीचं बोलणं पुन्हा मोठ्यानं वाचा. ‘आवाज आला. बाहेर आले.’ मध्ये काही नाही. ती कशी धावली असेल ते त्या मोकळ्या जागेत आहे. मी तिथं ‘आवाज ऐकून घाबरून बाहेर धावत आले’ लिहिलं असतं तर घाबरणं कळलं असतं, पण जाणवलं नसतं, असं माझं मत आहे.

पण या रीतीतही खोड आहे, आणि मराठीत ती पटकन उघडी पडते. आपली भूतकाळी क्रियापदं ‘लं’, ‘ला’, ‘ली’नं संपतात. सात-आठ लहान वाक्यं ओळीनं लावली की यमकाची माळ होते: उठलं, बसलं, घेतलं, ठेवलं. ‘होतं’चीही तीच गत. कथा लिहायला लागलेली मुलं मला लिखाण दाखवतात, त्यात हे हमखास असतं. हाताला जाणवलं नाही तरी कानाला जाणवतं. अशा वेळी दोन बिनमहत्त्वाच्या क्रिया ‘ऊन’नं बांधाव्यात, एखादं क्रियापद गाळावं, आणि जिथं खरोखर पाय टेकायला हवा तेवढीच वाक्यं सुटी ठेवावीत.

शेजारी मांडणं म्हणजे नेहमी प्रामाणिकपणा, असंही समजू नका. ‘नवीन सून घरात आली. महिन्याभरात म्हैस मेली.’ इथं ‘मुळे’ कुठंच नाही, पण सांगणाऱ्याला काय सुचवायचंय ते अख्ख्या गावाला कळतं! विचारलं तर म्हणेल, मी कुठं तसं म्हटलं? म्हणजे मावशीचंच वाक्य, पण वेगळ्या तोंडून. म्हणून मी मावशीला विचारलं, तू पाणी आधी का सांगितलंस आणि ते नंतर? ती म्हणाली, ‘दार उघडल्यावर पहिलं पाणीच दिसलं. जिना वळतो ना, ते वळणाखाली होते.’ क्रम तिच्या डोळ्यांचा होता. तो मी हलवला नाही.

शेवटी कागद असा झाला:

‘सकाळी त्यांना जरा गरगरलं होतं, पण नंतर बरं वाटलं. चहा घेऊन ते दूध आणायला निघाले. मी स्वयंपाकघरात कुकर लावत असताना जिन्यातून आवाज आला. मी बाहेर आले. जिन्यावर पाणी होतं. ते वळणाखाली पडलेले होते. त्यांची एक चप्पल वरच्या पायरीवर राहिली होती.’

बघा, दोन्ही रीती आहेत. ‘पण’ ठेवला, कारण बरं वाटणं हे गरगरण्याच्या विरुद्ध आहे, एवढं मावशीला ठाऊक होतं. ‘घेऊन’ ठेवला, कारण तिथं नुसता क्रम आहे; चहावरून कुणी भांडणार नाही. ‘असताना’ ठेवला, तो फक्त वेळ सांगतो. ‘आवाज आला’नंतर मात्र एकही वाक्य मी दुसऱ्याच्या खाली घातलं नाही. पाणी, काका आणि चप्पल, तिघं शेजारी शेजारी.

इंग्रजी करतानाही हेच पाळलं. इंग्रजीत तीन लहान वाक्यं जोडायचा मोह मराठीपेक्षा जास्त होतो, हात शिवशिवत होते.

दावा बराच लांबला, पण मंजूर झाला. त्यात या कागदाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. दवाखान्याचे कागदही होतेच. एवढं मात्र झालं, की चौकशीला जे गृहस्थ घरी आले त्यांनी निवेदन हातात धरून मावशीला पहिला प्रश्न चप्पल नेमकी कितव्या पायरीवर होती असा विचारला. मावशी उठली, त्यांना जिन्यात घेऊन गेली आणि वरून तिसऱ्या पायरीवर तिनं हात ठेवला.