पन्नास टक्क्यांचा आधार



आज जी विचारपद्धत मला मांडायची आहे, तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हैसूरमध्येच घडलेले आहे. म्हणून लष्कर मोहल्ल्यातल्या या परिषदेत ती मांडताना मला दूरचे काही शोधावे लागत नाही.

जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ग्रंथात तिला नाव दिले. आपण तिला विमर्शी समतोल म्हणू. नैतिक प्रश्नात आपल्याजवळ दोन गोष्टी असतात. एक, विशिष्ट प्रसंगांबद्दलचे पक्के निवाडे, म्हणजे घाई, भीती आणि स्वार्थ बाजूला ठेवूनही टिकणारे. दुसरी, त्या निवाड्यांमागचे तत्त्व. दोन्हींत विसंगती आली की कधी तत्त्व दुरुस्त करायचे, कधी निवाडा सोडायचा. कोणाला आधीपासून अंतिम अधिकार नसतो. ही तडजोड नव्हे. तडजोडीत माणूस आपले मत तसेच ठेवून काही सोडतो, इथे मतच बदलते.

१९१८ मध्ये म्हैसूरचे महाराज कृष्णराज वडियार यांनी सरन्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांचे प्रमाण अत्यल्प होते. दिवाण विश्वेश्वरय्यांचे तत्त्व स्पष्ट होते: नेमणूक गुणवत्तेवर व्हावी, नाहीतर कारभाराची कार्यक्षमता ढासळेल. पण ज्या समाजाच्या करांवर राज्य चालते, त्याचीच मुले कचेरीत दिसू नयेत, हे योग्य नाही, हा निवाडाही तितकाच पक्का होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला होता. या निवाड्याशी ताडून पाहिल्यावर गुणवत्तेचे तत्त्व मोडीत निघाले नाही. ते अधिक खोल झाले. परीक्षेतला गुण हा मुलाच्या कुवतीचा पुरावा आहे, पण त्याला शाळा मिळाली होती की नाही, याचाही तो पुरावा आहे, हे कळल्यावर ‘गुणवत्ता’ म्हणजे काय हेच नव्याने ठरवावे लागते. इथे समाजाबद्दलची माहितीही तराजूत पडते. अशा व्यापक तपासणीखेरीज समतोल म्हणजे आपल्याच समजुतींची नीट लावलेली मांडणी ठरेल.

पुढचा टप्पा १९६२ चा. म्हैसूर सरकारने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत अडुसष्ट टक्के जागा राखून ठेवल्या: मागासांना २८, अधिक मागासांना २२, अनुसूचित जातींना १५, जमातींना ३. बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. निकाल लिहिला होता मराठी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. एक कारण असे की मागासलेपण ठरवताना जातीलाच जवळजवळ एकमेव निकष केले होते. दुसरे प्रमाणाचे: अशी तरतूद साधारणपणे पन्नास टक्क्यांच्या आत असावी, नेमकी किती हे परिस्थितीवर. यामागचे तत्त्व पाहा. समान वागणूक हा नियम, राखीव जागा हा त्याला अपवाद, आणि अपवादाने नियम गिळू नये. या तत्त्वाखाली ही मर्यादा नीट बसते.

मग १९७५ मध्ये केरळ राज्य विरुद्ध थॉमस खटल्यात बहुसंख्य न्यायमूर्तींनी ते तत्त्वच बदलले. संधीची खरी समानता हवी तर मागासांसाठीची तरतूद समतेचाच भाग आहे, अपवाद नव्हे. आता सांगा, पन्नासच्या आकड्याचे काय व्हावे? ज्या खांबावर तो उभा होता तो काढून घेतला गेला. त्याच निकालात काही न्यायमूर्तींनी हा आकडा कठोर नियम नाही असे म्हटलेही. पण १९९२ मध्ये इंद्रा साहनी निकालाने नवे तत्त्व स्वीकारले आणि असाधारण परिस्थिती वगळता मर्यादाही कायम ठेवली.

कोणी म्हणेल, ही सरळ विसंगती आहे. मला तसे लगेच म्हणावेसे वाटत नाही. राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात, हे डॉ. आंबेडकरांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मांडले होते, आणि न्यायालयाने त्याचा आधार घेतला. म्हणजे सर्वांसाठी खुल्या दाराचीही काही जागा उरावी, हा एक स्वतंत्र निवाडा आहे. तो असू शकतो. मात्र तसा असेल तर तो निम्म्यावर का थांबतो, पंचेचाळीसवर किंवा साठवर का नाही, हे सांगण्याची जबाबदारी येते. आकडा जुन्या तत्त्वातून निघाला आणि तत्त्व गेल्यावर केवळ सवयीने उरला, तर समतोल साधला असे म्हणता येणार नाही. मे २०२१ मध्ये मराठा आरक्षण रद्द झाले ते मुख्यतः याच मर्यादेवर, म्हणून हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे.

इथे पद्धत बिघडल्याची एक खूण मी सांगतो. वादात दर वेळी तत्त्वच बदलत असेल आणि आपला निवाडा एकदाही हलत नसेल, तर आपण आपल्या सोयीसाठी तत्त्वे शोधतो आहोत. जातीच्या प्रश्नात हा धोका सर्वांत मोठा, कारण आपल्यापैकी प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या रांगेत उभा आहे. रॉल्स यांनी स्वार्थाने गढुळलेले निवाडे वगळायला सांगितले, पण एवढ्या जुन्या वादात ते ओळखायचे कसे? मी एकच कसोटी वापरतो: आज जो आकडा मला न्याय्य वाटतो, तो माझी रांग बदलली तरी न्याय्य वाटेल का? ही कसोटी संपूर्ण नाही. दोन्ही बाजूंचे लोक ती प्रामाणिकपणे लावूनही वेगळ्या उत्तरांवर येऊ शकतात. पद्धत एकच उत्तर देईल अशी हमी रॉल्स यांनीही दिलेली नाही. परिषदेच्या पुढील दोन सत्रांत पन्नासच्या मर्यादेचे समर्थक आणि विरोधक बोलणार आहेत. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: कोणते तत्त्व, कोणता निवाडा, आणि कोणती माहिती मिळाली तर त्यांपैकी काय सोडायला ते तयार आहेत.