भाव वाचायचा कसा? १.५०, १/२ आणि -२०० ची गोष्ट

इंग्लंडमध्ये मास्टर्स करणाऱ्या एका श्रोत्याचा मेसेज आलाय. तिथे बेटिंग कायदेशीर आहे, रूममेट्स खेळतात, आणि हा विचारतो, "एकाच मॅचचे भाव तीन साइटवर तीन प्रकारे दिसतात, नक्की कोण जिंकणार म्हणतायत?" आधीच सांगतो, भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आहे, त्यामुळे इथल्यांनी हे नुसतं गणित म्हणून ऐका.

एक टेनिसची मॅच धरू. दोनच खेळाडू, ड्रॉ नाही. 'अ' फेव्हरिट, 'ब' कमजोर. आकडे मी सोपे पडावेत म्हणून निवडलेत.

युरोपातल्या साइटवर दिसेल: अ १.५०, ब २.५०. ही डेसिमल पद्धत. 'अ'वर १०० लावले आणि तो जिंकला, तर हातात १५० येतात. यात तुमचे स्वतःचे १०० धरलेले असतात, हे डोक्यात पक्कं ठेवा. शक्यता काढायला १ ला भावाने भागायचं. १ भागिले १.५० म्हणजे ६६.६७ टक्के. 'ब'चे १ भागिले २.५०, म्हणजे ४० टक्के.

ब्रिटनच्या जुन्या पद्धतीत हेच अ १/२, ब ६/४ असं लिहितात. इथे गंमत होते. १/२ बघून आपल्याला शाळेतला अर्धा आठवतो आणि वाटतं ५० टक्के. तसं नाही. हा आकडा फक्त नफा सांगतो: २ लावा, वर १ मिळेल. म्हणून शक्यता काढताना खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. 'अ'चे २ भागिले ३, 'ब'चे ४ भागिले १०. उत्तर तेच आलं. आणि याच कारणाने ५/१ म्हणजे डेसिमलमध्ये ५.०० नाही, ६.०० होतो.

अमेरिकन मनीलाइनमध्ये अ -२००, ब +१५०. सगळं १०० भोवती फिरतं. वजा असेल तर १०० कमवायला किती लावावे लागतील ते. अधिक असेल तर १०० लावून किती कमवाल ते. 'अ'चे २०० भागिले ३००, 'ब'चे १०० भागिले २५०. परत ६६.६७ आणि ४०.

ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांसाठी चारही सूत्रं इथे टाकतो, m चं चिन्ह काढून घ्यायचं:

```
d      ->  1 / d
a/b    ->  b / (a + b)
-m     ->  m / (m + 100)
+m     ->  100 / (m + 100)
```

आता खरी मेख. ६६.६७ आणि ४० ची बेरीज करा. १०६.६७! दोघांपैकी एकच जिंकणार, मग शंभराच्या वर कसं गेलं? हे जास्तीचे ६.६७ म्हणजे बुकीने भावातच घातलेली स्वतःची कमाई. तिला ओव्हरराउंड म्हणतात. स्क्रीनवर कुठेही 'फी' असं लिहिलेलं नसतं, पण ती तिथेच असते.

ती काढायची तर प्रत्येक आकड्याला १०६.६७ ने भागून १०० ने गुणा. 'अ' होतो ६२.५ टक्के, 'ब' ३७.५. म्हणजे 'अ'चा भाव कमाईशिवाय १.६० असता, तुम्हाला मिळतोय १.५०. ६२.५ टक्के खरंच बरोबर असतील तर १०० लावल्यावर सरासरी परत किती? १५० चे ६२.५ टक्के, ९३.७५. 'ब'वर लावा, २५० चे ३७.५ टक्के, परत ९३.७५. बाजू कुठलीही घ्या, शंभरामागे सव्वासहा रुपये गेले. मला स्वतःला हा आकडा मॅचपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. दोन साइटची तुलना करताना आधी ही बेरीज बघा. १०३ वाली १०८ वालीपेक्षा स्वस्त. फुटबॉलमध्ये मात्र ड्रॉ धरून तिन्ही आकडे घ्यायचे. एक जरी सुटला तर बेरीज शंभरच्या खाली येते, आणि नवख्याला वाटतं लॉटरी लागली.

एक मर्यादा आहे. आपण कमाई दोघांत सारख्या प्रमाणात वाटली, पण बुकी बऱ्याचदा कमजोर बाजूवर जास्त चढवतात. त्यामुळे 'ब'ची खरी शक्यता ३७.५ पेक्षाही थोडी कमी असू शकते. भाव जितका लांबचा, तितका हा अंदाज ढिला. २०१५-१६ च्या प्रीमियर लीगआधी लेस्टर सिटीचा भाव ५०००/१ होता. सूत्राने १ भागिले ५००१, म्हणजे ०.०२ टक्के. लेस्टर जिंकली. पण एका निकालावरून तो आकडा चूक होता की बरोबर हे ठरत नाही. पाच हजारात एकदा होणारी गोष्टही कधीतरी होतेच, आणि तोच सीझन पाच हजार वेळा खेळवून बघायची सोय कोणाकडे नाही.