गिळलेले च्युइंगम पोटात राहते काय?

(केंद्र शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



एका द्विशिक्षकी शाळेतील इयत्ता तिसरीच्या मुलीने मधल्या सुट्टीत ताट समोर असूनही खिचडीला हात लावला नाही. बाईंनी जवळ घेऊन विचारले, तेव्हा ती रडू लागली. आदल्या दिवशी तिच्या हातून च्युइंगम गिळले गेले होते. मैत्रिणीने सांगितले होते की त्याने आतडी चिकटतात, आणि वरच्या वर्गातील मुलाने भर घातली होती की ते सात वर्षे पोटातच राहते. आतडी चिकटली असतील तर अन्न जाणार कोठून, असा तिचा सरळ हिशेब होता. घरी मार बसेल ह्या भीतीने तिने आईला काहीच सांगितले नव्हते. ह्या मुलीला काय उत्तर द्यावयाचे, हाच आजचा विषय आहे.

प्रथम च्युइंगममध्ये असते काय ते पाहू. त्याचा मोठा भाग साखरेचा किंवा दुसऱ्या एखाद्या गोड पदार्थाचा असतो. त्यात थोडा स्वाद व मऊपणा आणणारे पदार्थ मिसळलेले असतात. चघळताना हे सारे लाळेत विरघळते आणि मुलाच्या पोटात जाऊन पचते. तोंडात शेवटी जो बेचव गोळा उरतो, तो रबरासारख्या मूळ द्रव्याचा होय. पूर्वी हे द्रव्य मेक्सिको व ग्वाटेमाला येथील रानांतील चिकूच्या झाडांच्या चिकापासून करीत. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतील चिकू त्याच जातीचा. हल्ली बहुतेक ठिकाणी हे द्रव्य कारखान्यात तयार होते; परंतु गुण तोच. कच्चा चिकू चिरून त्याचा पांढरा चीक बोटाला लावावा व बोट पाण्याने धुवावे. चीक नुसत्या पाण्याने जात नाही, हे मुलांच्या सहज ध्यानात येईल.

आपले पाचक रस पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ ह्यांचे विघटन करतात. ह्या रबरी द्रव्यावर त्यांचा इलाज चालत नाही. तेव्हा ‘च्युइंगम पचत नाही’ हे म्हणणे बरोबरच आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. जे पचत नाही ते पोटातच राहते, असे मुले धरून चालतात. पेरूच्या बिया आणि मक्याच्या दाण्याची साल आपल्याला पचत नाहीत, तरी त्या पोटात साठत नाहीत. बैलाच्या शेणात ज्वारीचे अख्खे दाणे दिसतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पचणे हे एक काम आहे आणि पुढे सरकणे हे दुसरे. पहिले झाले नाही म्हणून दुसरे अडत नाही.

हे सरकणे कसे घडते, तेही पाहण्यासारखे आहे. जेवण झाल्यावर जठर अन्न घुसळून बारीक करते. जठराच्या खालच्या टोकाचे दार त्या वेळी बारीक झालेलेच अन्न थोडेथोडे पुढे सोडते; मोठा तुकडा मागे राहतो. काही तासांनी जठर रिकामे झाले की दुसरे काम सुरू होते. पंगत उठल्यावर जसा केरवारा होतो, तसा जठराच्या स्नायूंच्या आकुंचनाच्या जोरकस लाटा उठून उरलेसुरले सारे पुढे लोटतात. पोट रिकामे असेपर्यंत असा केरवारा साधारणतः दर दीड-दोन तासांनी होत राहतो. त्यातच च्युइंगमचा गोळा लहान आतड्यात उतरतो, तेथून मोठ्या आतड्यात जातो आणि बहुधा एक ते तीन दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो. जठरातील त्याचा मुक्काम काही तासांचा असतो, वर्षांचा नव्हे.

मग ते आतड्याला चिकटत कसे नाही? केसांना आणि बाकाला च्युइंगम चिकटते, कारण ते कोरडे असतात. तोच गोळा तासभर तोंडात फिरला तरी गालाच्या आतल्या अंगाला चिकटत नाही. जठर व आतडी ह्यांचे अस्तर तसेच ओले असते आणि त्यावर बुळबुळीत द्रवाचा थर सतत पसरलेला असतो.

येथवर भीतीचे निरसन झाले. तथापि गिळण्यात काहीच अपाय नाही, असे सांगणे हेही अर्धसत्य ठरेल. अमेरिकेतील ‘पेडिएट्रिक्स’ ह्या बालवैद्यकाच्या नियतकालिकात 1998 साली तीन बालकांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एका साडेचार वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपासून मलावरोधाचा त्रास होता आणि औषधांनी गुण येत नव्हता. तपासाअंती कळले की तो रोज पाच ते सात च्युइंगम खाई व प्रत्येक वेळी गिळून टाकी. अखेर डॉक्टरांना त्याच्या मलाशयात साचलेला चिकट लगदा हाताने काढावा लागला. हा साठा जठरात नव्हता, तर मार्गाच्या अगदी शेवटी, मलाशयात होता, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या एका लहान मुलीचेही असेच झाले होते. तिसरे बालक अवघे दीड वर्षाचे. त्याने नाणी गिळली होती आणि च्युइंगमने ती एकमेकांना चिकटून अन्ननलिकेत अडकली होती.

पहिल्या मुलाच्या हकिकतीतील एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आईवडील त्याला ही च्युइंगम चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून देत असत. धड्याचे उत्तर बरोबर दिले म्हणून गोळी किंवा च्युइंगम देण्याची पद्धत काही वर्गांतही आढळते. थुंकून टाकण्याचे कळत नाही अशा वयाच्या बालकाला तरी ते मुळीच देऊ नये.

म्हणून तीन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्यात. एखादे वेळी एक गोळा गिळला गेला, तर काहीही करावयाचे नाही. केळी चारणे, मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे असले उपाय करू नयेत. रोज गिळण्याची सवय असेल आणि त्याबरोबर शौचास न होणे, पोट फुगणे, पोट दुखणे किंवा उलट्या होणे ही लक्षणे दिसली, तर पालकांना बोलावून मुलास डॉक्टरांकडे पाठवावे. डॉक्टरांना च्युइंगमची सवय आवर्जून सांगावी, नाहीतर खरे कारण लवकर उमगत नाही. तिसरी गोष्ट मात्र तातडीची. गोळा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत अडकला, तर मूल जोराने खोकत असेपर्यंत त्यास खोकू द्यावे. आवाजच फुटेनासा झाला, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच जोरदार ठोके द्यावेत. तेवढ्याने मोकळे न झाल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ धरावी आणि आत व वरच्या दिशेने पाच वेळा दाबावे. हे आळीपाळीने करीत राहावे आणि दुसऱ्यास तत्काळ मदतीस धाडावे.

त्या मुलीच्या बाईंनी तिला पेरूच्या बियांचा प्रश्न विचारला. “बिया गिळतेस, त्या कुठे जातात गं?” मुलगी थोडी लाजली, मग हसली. बाई म्हणाल्या, “च्युइंगमही त्याच वाटेने जातं. चघळून झालं की कागदात गुंडाळून टाकत जा. आणि कधी काही गिळलं गेलं, तर आधी आईला सांगायचं. मी बोलते तिच्याशी.” मुलीने ताट पुढे ओढले.

आतडी चिकटतील असा धाक घातल्याने मूल गिळण्याचे थांबते की नाही, हे सांगता येत नाही. गिळल्याचे सांगण्याचे मात्र ते थांबते. उद्या त्याच मुलाने नाणे किंवा घड्याळातील बटणासारखी बॅटरी गिळली, तर घटका-घटका मोलाची असते. त्या वेळी ते मूल निर्धास्तपणे गुरुजींकडे धावत आले पाहिजे.