पंपाची बिरुदे आणि कुरिक्यालची शिळा

जुन्या कवींच्या चरित्रात बिरुदांची एक यादी हटकून असते. अमक्या राजाने अमकी पदवी दिली, तमक्याने गाव इनाम दिले आणि पुढे कंसात एक साल. यादी वाचायला सोपी, पण पदवी दिल्याचे सांगतो कोण, हे तिच्यात क्वचितच नोंदलेले असते. राजाचे दानपत्र, कवीच्या आप्ताने कोरलेला लेख आणि कवीचे स्वतःचे काव्य हे तिन्ही साक्षीदार वेगवेगळ्या वजनाचे आहेत. माझे म्हणणे एवढेच की, साक्षीदाराचे नाव ज्या नोंदीत नाही, ती नोंद अपुरी समजावी. कन्नडचा आदिकवी पंप याचे उदाहरण घेऊन हे तपासू.

पंप हा दहाव्या शतकातला जैन कवी. त्याचा आश्रयदाता वेमुलवाड्याचा चालुक्य राजा दुसरा अरिकेसरी, म्हणजे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा मांडलिक. ‘विक्रमार्जुनविजय’ या काव्यात पंपाने या राजाला अर्जुनाच्या जागी बसवले आणि अखेरीस राजाने आपल्याला धर्मपूर हा अग्रहार दिल्याचे सांगितले. आता शंकेखोर वाचक म्हणेल की, जो कवी मांडलिकाला अर्जुन करतो, तो स्वतःच्या बक्षिसाबद्दल हात आखडता कशाला घेईल? शंका रास्त आहे. नुसते काव्य हाती असते, तर मीही या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह ठेवले असते.

पण तेलंगणात करीमनगर जिल्ह्यात कुरिक्याल येथे एका टेकडीच्या कातळावर जिनमूर्तींपाशी एक लेख आहे. तो कोरवून घेतला पंपाचा धाकटा भाऊ जिनवल्लभ याने. संस्कृत, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषांत त्याने आपले कुळ, बांधलेली बसदी आणि थोरल्या भावाची कीर्ती सांगितली आहे. अरिकेसरीने ‘विक्रमार्जुनविजया’साठी पंपाला धर्मपूर दिल्याचे तिथेही आहे. पंपाचे ‘कवितागुणार्णव’ हे बिरुद तर आहेच, शिवाय जिनवल्लभाने खोदवलेल्या तळ्याला तेच नाव दिले आहे. ‘गुणार्णव’ हे खुद्द अरिकेसरीचे बिरुद. राजाच्या पदवीला शब्द जोडून बनवलेली पदवी त्याच्याच राज्यात, त्याच्या संमतीवाचून कोणी उघड्यावर कोरील, हे मला संभवनीय वाटत नाही.

भाऊ म्हणजे घरचाच माणूस, मग त्याची साक्ष स्वतंत्र कशी, असा पुढचा आक्षेप येईल. कौतुकाच्या विशेषणांपुरता तो मला मान्य आहे. गावाच्या दानाची गोष्ट मात्र वेगळी. गाव इनाम झाले की तिथला वसूल कोणाकडे जातो, हे शेजारच्या पाटलापासून सगळ्यांना ठाऊक असते, आणि खोटे दान कातळावर कोरणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणे. म्हणून धर्मपुराची नोंद मी पक्की धरतो आणि ‘कवितागुणार्णव’ तिच्या खालोखाल. ‘सरस्वतीमणिहार’ अशा नावांना मात्र, देणारा राजा जोवर सापडत नाही, तोवर दरबारी पदवी म्हणू नये. पोन्न या कवीची ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाने दिली असे सांगतात. तिथे देणारा आहे, पण पंपासारखी शिळा पाठीशी नाही.

सालाची गोष्ट याहून नाजूक आहे. पंपाच्या नावापुढे सर्रास 941 छापले जाते. ते साल ‘आदिपुराणा’चे, शके 863 चे. कुरिक्यालच्या लेखावर सालच नाही. धर्मपूर तर दुसऱ्या काव्यासाठी मिळाले. तेव्हा दानापुढे 941 लिहिणे म्हणजे एका पुस्तकाची तारीख दुसऱ्या पुस्तकाच्या बक्षिसाला चिकटवणे. तिथे ‘अरिकेसरीच्या कारकिर्दीत, विक्रमार्जुनविजयानंतर’ असे लिहावे. यादीतला रकाना थोडा अस्ताव्यस्त दिसेल, तो दिसू द्यावा.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. परभणीला सापडलेला ताम्रपट शके 888 चा, म्हणजे 966 चा. त्याच घराण्यातल्या पुढच्या अरिकेसरीने ‘यशस्तिलक’कार सोमदेवाला जिनालयासाठी गाव दिल्याचे त्यात आहे. इथे राजा आहे, साल आहे, कवीही आहे. सोमदेवाची ‘तार्किकचक्रवर्ती’, ‘कविकुलराज’ ही बिरुदे मात्र ‘नीतिवाक्यामृता’च्या समाप्तीत येतात आणि ती देणाऱ्या राजाचे नाव तिथे नाही. एकाच पानावर दोन्ही गोष्टी छापल्या की वाचक 966 हे साल बिरुदांनाही लावून मोकळा होतो. दान मंदिरासाठी होते, हे तेवढ्यात नजरेआड होते.