सापशिडीचा चढ



मुळशी तालुक्यातला घनगड आपल्यापैकी पुष्कळांनी चढला असेल. तिथे कठीण जागा वर येते, आणि लोखंडी शिडी नेमकी तिथेच आहे. खेळालाही असाच चढ असतो. तो कुठे असावा आणि कुठे नसावा, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत, आणि तोही सापशिडीपुरता.

गेल्या मे महिन्यात पौडला एका ओटीवर आम्ही मुलांचा डाव पाहत बसलो होतो. पोरे चार. धाकटे पाच वर्षांचे. नियम नेहमीचाच : एक पडल्याशिवाय सोंगटी बसायची नाही. सात-आठ फेऱ्या झाल्या तरी धाकट्याला एक पडेना. तो उठून आईकडे गेला. थोड्या वेळाने मोठ्या बहिणीला मोठ्या सापाने गिळले आणि ती थेट तळाशी आली, तरी ती खळखळून हसली आणि खेळत राहिली. हा भेद आमच्या मनात राहिला. पडल्यामुळे मूल चिडते, पण डाव सोडत नाही. डाव सोडते ते ताटकळल्यामुळे.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेतली. एका फाशावर एक पडण्यास सरासरी सहा दाने लागतात. सहा दानांत एकही एक न पडण्याचा संभव जवळजवळ एकतृतीयांश आहे. मुले चार असली, तर सहा फेऱ्या झाल्यावरही निदान एक मूल बाहेरच राहिले आहे असे दहांतून आठ डावांत घडेल. म्हणजे धाकट्याचे नशीब खोटे नव्हते, नियमच तसा आहे. एकावर किंवा सहावर बसू दिले, तर हेच प्रमाण दहांतून तिनांवर येते. आमच्या मते तिसऱ्या दानाला कुणालाही बसू द्यावे. आरंभी कुणाची परीक्षा घेऊन काय साधायचे?

आता वरचे टोक पाहू. शंभरावर जाण्यास नेमके दान हवे, जास्त पडले तर सोंगटी जागीच, असा नियम आहे. यातली गंमत सहज ध्यानात येत नाही. ९४ वर असलेल्याला सहा हवेत, ९९ वर असलेल्याला एक. पण सहा पडणे आणि एक पडणे यांचा संभव सारखाच! मधल्या कुठल्याही घरात असलात तरी फाशाची एकच बाजू आपल्याला जिंकवते. म्हणून, साप नाहीत असे धरले, तर ९४ पासून ९९ पर्यंत कुठूनही सरासरी सहाच दाने लागतात. मूल ९४ वरून ९७ वर येते, टाळ्या पिटते, आणि प्रत्यक्षात तसूभरही जवळ आलेले नसते. चढ संपला, माळ लागला, आणि माळावर वाट दिसेना, अशी ही अवस्था.

त्यात पुष्कळ पटांवर ९९ वर साप बसवलेला असतो. तेव्हा ९४ ते ९८ यांतल्या कुठल्याही घरातून शंभर आणि साप यांचा संभव अगदी निम्मानिम्मा होतो. येथेही जवळ आल्याचा उपयोग शून्य.

हा नेमक्या दानाचा हट्ट मुळात वेडेपणाचा नव्हता. आपल्याकडच्या जुन्या ज्ञानचौपडीच्या ७२ घरांच्या पटावर वैकुंठ ६८ व्या घरात असे. ते हुकले तर पुढे सरकत ७२ व्या घरातल्या तमोगुणाच्या सापाच्या तोंडी जावे लागे, आणि तो ५१ व्या घरात, पृथ्वीवर, आणून सोडी. तिथे ताटकळणे हाच धडा होता. १८९०च्या दशकात इंग्लंडात हा खेळ मुलांच्या करमणुकीसाठी छापला जाऊ लागला. धडा गेला, ताटकळणे मात्र उरले.

कुणी म्हणेल, मग ९९ चा साप पुसून टाका. आम्ही पुसणार नाही. साप गेला की फासा टाकताना हाताला सुटणारा कंप गेला, आणि मग खेळ कसला! बदलायचे ते नेमके दान. शंभर किंवा त्याहून जास्त पडले तरी पोचलात, असे माना. मग ९८ वरून तो साप सहांतून एकदाच गिळील, ९४ वरून दहांतून सुमारे तीनदा. म्हणजे जितके जवळ, तितके भय कमी. साप तोच, घर तेच, पण वाट पुन्हा वर जाऊ लागली. दाने मोजली तर, साप नसता तेव्हाही, ९४ वरून सहांऐवजी सरासरी दोनांहून किंचित जास्तच लागली असती.

याची किंमत आहे, ती लपवू नये. शेवटी पुढे असलेला गडी बहुधा पुढेच राहतो. मागच्याला गाठायला मिळणारा अवधी आटतो. त्यासाठी सत्तरच्या आसपास एखादी शिडी वाढवावी असे आम्हांस वाटते, पण ते पटापटांवर अवलंबून आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे दोन बदल ओटीवर मांडले. तिसऱ्या दानाचा नियम पोरांनी तत्काळ उचलला. नेमक्या दानावर मात्र थोरल्याने हरकत घेतली, 'आजोबा, ही फसवणूक झाली!' तेव्हा तह झाला : नेमके दान दोनदाच मागायचे, तिसऱ्यांदा काहीही चालेल. धाकटा त्या दिवशी डाव संपेपर्यंत बसला होता. जिंकला नाही; ९९ च्या सापाने त्याला दोनदा गिळले.