क्लासची फी खात्यातून आपोआप: कोणाची न्यायची, कोणाची नाही

(गटातल्या शिकवणी घेणाऱ्या सदस्यांच्या बैठकीत केलेले बोलणे)



आपल्यापैकी ज्या घरी शिकवणी घेतात, त्यांच्या वहीचं पान कसं दिसतं ते आपल्याला माहीत आहे. पाच तारखेला दहा पोरांची फी, पंधरा तारखेला आणखी काहींची, आणि महिना संपला तरी पाच-सहा नावांपुढे मोकळी जागा. मग आपण वर्गात त्या पोराला विचारतो, "आईला सांगितलंस का?" पोर खाली बघतं. पुढच्या दिवशी येतच नाही. म्हणून फी खात्यातून आपोआप यावी असं वाटणं साहजिक आहे. ती येते कशी, आणि कुठे अडते, तेवढंच आज बोलू.

या सोयीचं नाव यूपीआय ऑटोपे. ती 2020 पासून आहे. पालक आपल्या मोबाइलवर एकदाच परवानगी देतात: अमुक क्लासला, दर महिन्याला, एवढे रुपये, अमुक महिन्यापर्यंत. त्या वेळी एकदा यूपीआय पिन टाकावा लागतो. या परवानगीला मँडेट म्हणतात. त्यानंतर 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पुन्हा पिन लागत नाही, म्हणजे आपली फी त्यात सहज बसते. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी पालकांना सूचना मिळायलाच हवी, हा नियम आहे. आणि पालकांना नको झालं, तर त्यांच्याच अ‍ॅपमध्ये Autopay या भागात जाऊन ते परवानगी थांबवू शकतात किंवा रद्द करू शकतात. आपल्याला विचारायची गरज नाही. हे त्यांना आपण स्वतः दाखवावं. लपवलं तर विश्वास जातो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दारावर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर ही वसुली होत नाही. ती बँकेमार्फत किंवा रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या पेमेंट कंपनीमार्फत करावी लागते. ते पॅन, बँक खातं, व्यवसायाचा पुरावा मागतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कंपनी दर व्यवहारामागे आकार घेते, त्यावर 18 टक्के जीएसटी. सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: एका वसुलीला किती, आणि वसुली फसली तरी आकार लागतो का?

आता मुख्य मुद्दा. समजा, टिटवाळ्यात एक ताई चाळीस मुलांना शिकवते. 28 मुलं पाचवी ते सातवीची, फी 500 रुपये. 12 मुलं आठवी ते दहावीची, फी 700. सगळी फी आली तर महिन्याला 22,400 रुपये. तिने चाळीसही घरांना परवानगी द्यायला सांगायची का? नाही. आधी प्रत्येक घराला एकच प्रश्न: "तुमची कमाई खात्यात येते का?"

डोंबिवलीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचा पगार खात्यात येतो. त्या घराला ऑटोपे सोयीचा. पण ठाण्याला घरकामाला जाणाऱ्या बाईला पगार रोख मिळतो. कल्याणच्या बाजारात भाजी विकणारीचा पैसा रोज हातात येतो आणि रोज संपतो. तिच्या खात्यात महिन्याच्या पाच तारखेला 500 रुपये असावेत म्हणून तिने आधी बँकेत जाऊन भरायचे, हे तिचं काम वाढवणं झालं. अशा घरांची फी रोख, किंवा त्यांच्या सोयीने क्यूआर कोडवर. त्यात कमीपणा काही नाही. आपल्या गटातही कोणी बचत आठवड्याला भरतं, कोणी महिन्याला.

समजा त्या ताईच्या चाळीसपैकी 25 घरं अशी निघाली: 18 घरं 500 ची, 7 घरं 700 ची. महिन्याला 13,900 रुपये. एका वसुलीला 8 रुपये आकार धरला तर 25 वसुल्यांचे 200, त्यावर 36 रुपये जीएसटी, मिळून 236. एवढ्यात तिची दारोदारची फेरी आणि सुट्ट्या पैशाची कटकट वाचते. पण तिने 25 घरं एकदम घेऊ नयेत. पहिल्या महिन्यात आठ घरं, ओळखीची.

तारीख क्लासची सोय बघून ठरवू नका, घराची सोय बघा. कोणाचा पगार एक तारखेला, कोणाचा सात तारखेला, कोणाचा दहाला. दोन तारखा ठेवा, तीन आणि बारा, आणि पालकाला निवडू द्या. पगाराच्या दिवशीच कापणी ठेवली तर पगार एक दिवस उशिरा आला की वसुली फसते. शिवाय 1 ऑगस्ट 2025 पासून ऑटोपेची वसुली गर्दीच्या वेळात, म्हणजे सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते रात्री साडेनऊ, होत नाही. सकाळी लवकरही कापणी होऊ शकते. म्हणून पालकांना सांगा, पैसे आदल्या रात्री खात्यात असू द्या.

फसली, तर काय? पेमेंट कंपनीच्या यादीत त्या नावापुढे वसुली झाली नाही असं दिसतं, बहुतेक वेळा कारण खात्यात पैसे नाहीत. आपोआप पुन्हा प्रयत्न होतो, एकूण चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथेच सगळ्यात मोठी गडबड होते. वसुली फसली म्हणून आई पोराच्या हाती 500 रुपये पाठवते, आपण घेतो, आणि दोन दिवसांनी तेच 500 खात्यातून कापले जातात. घरात भांडण, आणि दोष आपल्या नावावर. म्हणून रोख हातात घेण्याआधी त्या महिन्याची वसुली थांबवा. थांबवता येत नसेल, तर रोख घेऊ नका. दुप्पट कापले गेले तर त्याच दिवशी परत करा, पुढच्या महिन्यात वळतं करू म्हणू नका.

परवानगी घेताना रक्कम नेमकी फीएवढीच ठेवा. काही ठिकाणी "2,000 रुपयांपर्यंत" अशी मोकळी मर्यादा घालतात, म्हणजे पुढे फी वाढवता येते. पालकाच्या पडद्यावर तो आकडा दिसला की तो घाबरतो, आणि त्याचं घाबरणं बरोबर आहे. शेवटची तारीख मार्चची घाला. जूनमध्ये फी वाढली तर नवी परवानगी मागा. दोन भावंडं असतील तर प्रत्येकाची परवानगी वेगळी ठेवा, म्हणजे एकाने क्लास सोडला तर दुसऱ्याची फी अडत नाही.

आणखी एक, जे फारसं कोणी बोलत नाही. यूपीआय त्याच सिमवर चालतं, जो नंबर बँकेत नोंदला आहे. बऱ्याच बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नंबर जोडलेला असतो. फी आई भरते, पण 24 तास आधीची सूचना त्याच्या फोनवर जाते. अशा घरी आधी दोघांशी बोला. आईला स्वतःच्या खात्यातून भरायचं असेल, तर बँकेत जाऊन नंबर बदलायला तिला सोबत द्या. नंबर बदलेपर्यंत तिची फी वहीतच राहू दे.

वही बंद करायची नाहीच. तिच्यात एक रकाना वाढवा: खात्यातून, रोख, की बाकी. आणि बाकी असलेल्यांचं विचारणं पोराला नको, आईला फोनवर.